निम्मे मराठी, निम्मे इंग्रजी: बैठकीचं निमंत्रण दोन भाषांत जाऊनही गोंधळ का होतो?

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. महिन्याची आढावा बैठक आहे. निम्मी माणसं फक्त मराठी वाचतात, निम्मी फक्त इंग्रजी. निमंत्रण आणि विषयपत्रिका दोन्ही भाषांत जाते, शुद्धलेखनही ठीक असतं. तरी बैठकीत कुणी अर्धा तास उशिरा उगवतं, कुणी म्हणतं "हा विषय माझ्या कागदावर नव्हताच", आणि ज्याने नोंदवही आणायची तो हात हलवत येतो. मग तो विषय ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ म्हणून ढकलला जातो आणि पुढच्या बैठकीत पुन्हा तेच होतं.

मी शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयीन कामात असते, म्हणून उदाहरण तिथलंच घेते. लातूर-वाशीमच्या सोयाबीन पट्ट्यातल्या अशा कंपनीत गोदामपाल, काटेवाला, गावोगावचे पर्यवेक्षक आणि बहुतेक संचालक मराठी वाचतात. हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळणारी मंडळी बंगळुरूची, आणि कधी एखादा सल्लागार चेन्नईचा. त्यांना देवनागरीचं एक अक्षर लागत नाही. दोन्ही भाषा येणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे व्यवस्थापक. भाषांतर तोच करतो, तेही रात्री जेवण झाल्यावर. बोलण्याचा प्रश्न फारसा येत नाही, मोडकंतोडकं हिंदी सगळ्यांना चालतं. अडतं ते कागदावर.

आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

लगेच भाषांतर सुधारायला बसू नका. बैठक सुरू होण्याआधी एक मराठी वाचणारा आणि एक इंग्रजी वाचणारा, दोघांना त्यांच्या हातातला कागद किंवा मोबाइल उघडायला सांगा. दोघांनी तीनच गोष्टी मोठ्याने वाचायच्या: वेळ, एकूण विषय किती, आणि तिसरा विषय कोणता. या तीन गोष्टींत फरक निघाला तर दोष भाषेत नाही. दोन्हीकडे पोहोचलेले कागदच वेगवेगळे आहेत. तिन्ही गोष्टी जुळल्या आणि तरी एक जण तयारीने आला, दुसरा रिकाम्या हाताने, तर दोष मजकुरात आहे. दोन्ही बिघाड वरून सारखेच दिसतात. पण पहिल्याला उत्तम भाषांतराचा काही उपयोग नाही, आणि दुसऱ्याला कितीही वेळा निमंत्रण पाठवलं तरी फरक पडत नाही.

कागदच वेगळे निघाले तर

हे बहुतेकदा असं घडतं. इंग्रजी वाचणाऱ्यांना निमंत्रण गूगल कॅलेंडरवरून जातं. मराठी वाचणाऱ्यांना तेच व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जातं, आणि बऱ्याचदा छापील पत्राचा फोटो काढून जातं. पहिल्या दिवशी दोन्ही सारखे असतात. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना तालुक्याला जायचं असतं, म्हणून बैठक साडेदहाऐवजी अकराला होते. व्यवस्थापक कॅलेंडरवर वेळ बदलतो. ती बदललेली वेळ इंग्रजीवाल्यांच्या फोनवर आपोआप दिसायला लागते, कुणी वेगळं कळवावं लागत नाही. ग्रुपवरचा फोटो मात्र फोटोच राहतो. चार दिवसांनी एखादा पर्यवेक्षक ग्रुपमध्ये वर सरकत जातो आणि त्याला तोच जुना फोटो सापडतो. म्हणजे एक भाषा अशा वाटेने जाते जिथे दुरुस्ती मागोमाग पोहोचते, आणि दुसरी अशा वाटेने जिथे जे गेलं ते गेलं. दोष भाषांतराच्या माथी मारला जातो, पण खरा फरक वाटेचा आहे.

यावर काही जण कॅलेंडरवर दोन बैठका टाकतात, एक मराठी आणि एक इंग्रजी. तसं करू नका. एका महिन्यात दोन्हींच्या वेळा वेगळ्या होतात, कारण बदल करणारा घाईत एकच बदलतो. कॅलेंडरच्या नोंदीत शीर्षकाची जागा एक आणि वर्णनाची जागा एकच असते. निमंत्रणाची `.ics` फाइल ज्या नियमाने बनते त्यातही एका बैठकीला एकच शीर्षक बसतं. तेव्हा त्या एका जागेतच दोन्ही भाषा बसवायच्या. शीर्षक आखूड ठेवा, कारण फोनवरच्या सूचनेत पहिले काही शब्दच दिसतात. पुढचं कापलं गेलं की एका भाषेचे लोक कोरे राहतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवणं थांबवा. मजकूर म्हणून पाठवा, आणि वर आवृत्तीचा क्रमांक आणि ती निघाल्याची वेळ घाला. हे सरकारी थाटाचं वाटेल, पण वाद मिटवायला एवढी एक ओळ पुरते:

```
मासिक आढावा | Monthly review
आवृत्ती 2, 25 ऑक्टोबर, सायंकाळी 6:00
Version 2, 25 October, 6:00 pm
बदल: वेळ 10:30 ऐवजी 11:00
Change: 11:00 instead of 10:30
```

आवृत्ती २ निघाली की १ पुसून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर्वांसाठी हटवा’ ही सोय संदेश पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसच चालते आणि संदेशातला मजकूर बदलायची मुभा फक्त १५ मिनिटं असते. त्यामुळे आठवडाभर आधी पाठवलेलं निमंत्रण पुसता येत नाही. तसं झालं तर जुन्या संदेशालाच उत्तर देऊन नवी आवृत्ती टाका, म्हणजे जुना संदेश नव्याच्या डोक्यावर चिकटलेला दिसतो. मग नवा संदेश ग्रुपमध्ये वर पिन करा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस राहतो. ७ दिवसांचा निवडा, म्हणजे बैठक उरकली की आपोआप निघून जाईल.

बदल दोन्हीकडे एकाच वेळी बसून करायचा, हे मात्र पाळा. "कॅलेंडरवर आत्ता बदलतो, ग्रुपवर संध्याकाळी टाकतो" असं जिथे म्हणतात, तिथे ती संध्याकाळ सहसा उगवत नाही.

काटेवाल्यासारख्या एखाद्याकडे साधा फोन असतो. त्याला एसएमएसच पाठवावा लागतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘विषयपत्रिका’ हा एक शब्द ११ जागा खातो. तेव्हा एसएमएसमध्ये विषयपत्रिका कोंबायचा प्रयत्न करू नका. वार, तारीख, वेळ, आणि त्याने काय आणायचं, एवढंच लिहा. बाकी फोन करून सांगा.

तारीख आणि वेळ

विषयांकडे वळण्याआधी हे आटपून टाकू. मराठी पत्रात आकडे देवनागरी आणि इंग्रजी पत्रात इंग्रजी, हे दिसायला छान असतं. पण बैठकीत बंगळुरूचा माणूस पडद्यावरचा मराठी कागद पाहून विचारतो, "आता आठवा विषय चालू आहे का?" चालू असतो चौथा. देवनागरी ४ न वाचणाऱ्याला 8 सारखा दिसतो, आणि १ हा 9 सारखा. विषयांचे क्रमांक, वेळ, तारखा आणि रकमा या दोन्ही भाषांत 1, 2, 3 असेच लिहा. मराठी वाचणाऱ्या कुणालाच ते अडत नाहीत, मोबाइलवर रोज तेच पाहतात. (या लेखात मी आपले देवनागरी आकडे वापरते आहे, पण लेख काही बंगळुरूला जाणार नाही.)

‘परवा’, ‘येत्या मंगळवारी’, ‘पुढच्या मंगळवारी’ हे शब्द निमंत्रणातून काढून टाका. पुढचा मंगळवार म्हणजे हाच की त्याच्या पुढचा, यावर एका घरातल्या दोन माणसांचंही एकमत होत नाही, आणि इंग्रजीतही तोच घोळ आहे. महिना आकड्यात लिहू नका. 05/06 हे इथे ५ जून, तर अमेरिकेत बसलेल्या माणसाला ६ मे. वार, तारीख, अक्षरात महिना, वर्ष आणि प्रहर: ‘मंगळवार, 28 ऑक्टोबर 2025, सकाळी 11:00 ते 12:30’. वार आणि तारीख दोन्ही लिहिल्याने आणखी एक फायदा होतो. टंकताना तारीख चुकली तर वार जुळत नाही आणि कुणीतरी फोन करून विचारतं.

मजकुरात दोष असेल तर

खरी मेहनत इथे आहे. एक विषय सावकाश पाहू. मूळ विषयपत्रिका इंग्रजीत तयार झाली होती आणि तिसरा विषय असा होता:

```
3. Moisture deductions – review and way forward
```

व्यवस्थापकाने त्याचं मराठी केलं: ‘ओलावा वजावट – आढावा व पुढील दिशा’. शब्दाला शब्द बरोबर आहे. कोणताही परीक्षक पूर्ण गुण देईल. बैठकीत काय झालं? हिशेबवाल्यांची अपेक्षा होती की गोदामपाल ओलाव्याची नोंदवही घेऊन येतील. गोदामपाल समजले की वरून कुणीतरी आढावा सांगणार आणि आपण ऐकायचं. आढावा घेणारे साहेब लोक असतात, हा त्यांचा आजवरचा अनुभव. नोंदवही गोदामात, बैठक तालुक्याच्या गावी, आणि विषय पुढच्या महिन्यावर.

इंग्रजी विषयपत्रिकेत नुसती नामं रचून ठेवायची सवय असते. त्या ओळीत क्रियापद नसतं. काय करायचं, कुणी करायचं, हे ती ओळ लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि कागदावर येत नाही. इंग्रजी वाचणारे रोज एकमेकांना ईमेल करत असतात, म्हणून त्यांना ते बाहेरून कळलेलं असतं. मराठी वाचणाऱ्याकडे फक्त ती ओळ येते. शब्दशः भाषांतर केलं की ओळीतलं हे रिकामेपण जसंच्या तसं मराठीत उतरतं.

गंमत अशी की आपल्याकडच्या सभांच्या विषयपत्रिकेची जुनी पद्धत याच्या नेमकी उलट आहे. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, ‘जमाखर्चास मंजुरी देणे’, ‘पत्राची नोंद घेणे’. सहकारी सोसायटीच्या सभेला एकदाही गेलेल्या माणसाला हे पाठ असतं. प्रत्येक ओळ क्रियापदाने संपते, आणि त्या क्रियापदावरून सभेने काय करायचं ते समजतं. कायम करायचं असेल तर मागचं इतिवृत्त वाचून यायचं. मंजुरी द्यायची असेल तर हात वर करावा लागणार. नोंद घ्यायची असेल तर ऐकून घ्यायचं, वाद घालायचा नाही. ही रीत मराठीच्या अंगवळणी पडलेली आहे, तिचा उपयोग करून घ्या. फक्त ‘विचारविनिमय करून योग्य तो निर्णय घेणे’ हे शेपूट टाळा. ते कशालाही जोडता येतं, म्हणून त्यातून काहीच कळत नाही.

पण मराठीत क्रियापद घालायचं तर कोणतं? ते मूळ ओळीत नाही, भाषांतरकाराने मनाने ठरवायचं नाही. म्हणजे विचारावं लागतं. व्यवस्थापकाने विषय मांडणाऱ्या हिशेबवाल्याला फोन लावला.

"तिसऱ्या विषयात बैठकीने काय करायचंय? ऐकायचंय, बोलायचंय की ठरवायचंय?"

"ठरवायचंय. कपातीचा दर."

"कपात कशात? वजनात की भावात?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "सॉफ्टवेअरमध्ये वजनात धरलीय. गोदामात काय करतात?"

गोदामात भावात कापत होते. महिनाभर शेतकऱ्यांना दिलेल्या पट्ट्या आणि सॉफ्टवेअरचा हिशेब जुळत नव्हता त्याचं हेच कारण निघालं. सरकारी खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्के धरतात. कंपनीही तीच धरत होती. १५ टक्के ओलाव्याचं दहा क्विंटल सोयाबीन आलं तर दर टक्क्याला क्विंटलमागे एक किलो या हिशेबाने ३० किलो घट होते. कोरडा माल तेवढाच धरून काढलं, म्हणजे १००० ला ८५ ने गुणून ८८ ने भागलं, तर सुमारे ९६६ किलो राहतं, म्हणजे घट ३४ किलो. आणि भावात कापलं तर वजन हजारचं हजारच राहतं, पट्टीवरची रक्कम तेवढी कमी होते. एका शब्दामागे हिशेबाच्या तीन पद्धती होत्या. इंग्रजी ओळीत त्या दडल्या होत्या आणि ‘वजावट’ म्हटल्यावर मराठीतही दडल्याच राहिल्या असत्या. दोन प्रश्न विचारल्यावर विषय असा झाला:

```
3. सोयाबीन आवक: ओलावा 12 टक्क्यांच्या वर असेल तर
   वजनात किती घट धरायची हे ठरवणे.
   आणायचे: 1 ते 25 ऑक्टोबरची ओलाव्याची नोंदवही
   कोणी: गोदामपाल

3. Soybean intake: decide how much weight to cut
   when moisture is above 12%.
   Bring: moisture register, 1 to 25 October
   Who: godown keeper
```

इथे इंग्रजी ओळही बदलली, हे लक्षात घ्या. मूळ इंग्रजी तशीच ठेवून फक्त मराठी सुधारली असती तर दोन कागद पुन्हा वेगळे झाले असते: एकात ठरवायचं, दुसऱ्यात नुसता आढावा. भाषांतर करताना जे विचारावं लागलं ते मुळातही घालायचं. मूळ लिहिणारे कधीकधी कुरकुरतात, "आमची ओळ कशाला बदललीत?" बैठक अर्ध्या तासाने आधी संपली की कुरकुर थांबते.

प्रत्येक विषयाला हे करायची गरज नाही. सात-आठ विषयांत दोन-तीनच असे निघतात. ते ओळखायची खूण सोपी आहे: ओळ वाचून ‘मग मी काय आणू?’ या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल, तर फोन करायचा. इतिवृत्त कायम करण्यासारख्या ठरीव विषयाला ठरीव ओळच चालते.

परदेशातला सल्लागार असेल तर आणखी एक धोका. ‘टेबल करणे’ हे इंग्रजी क्रियापद भारतात आणि ब्रिटनमध्ये विषय चर्चेला ठेवणं अशा अर्थाने चालतं. अमेरिकेत त्याचा अर्थ विषय बाजूला ठेवणं असा होतो. दोन्ही बाजूंनी टाळलेलं बरं.

कोण यायलाच हवं?

कॅलेंडरमध्ये एखाद्याला ‘ऐच्छिक’ म्हणून बोलावता येतं. मराठी निमंत्रणात मात्र सगळ्यांना एकच वाक्य जातं, ‘तरी आपण अगत्याने उपस्थित राहावे, ही विनंती’. मग ज्याची गरज नव्हती तो पर्यवेक्षक चाळीस किलोमीटर मोटारसायकल हाणत येतो आणि दीड तास बसून जातो. ज्याची गरज होती त्याला ही नेहमीची विनंती वाटते आणि तो येत नाही. विनंती राहू द्या, शिष्टाचार सोडायचं कारण नाही, पण तिच्याखाली सरळ लिहा: ‘विषय 3 साठी गोदामपाल असणे आवश्यक. पर्यवेक्षकांनी विषय 5 पुरते, 12:00 वाजता यावे.’ इंग्रजीतही हेच, याच क्रमाने.

येणार की नाही, हे कळण्यासाठी कॅलेंडरवरच्या होकाराच्या बटणावर विसंबू नका. ते फक्त ईमेलवाल्यांपुरतं असतं. ग्रुपवर ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ एवढं लिहायला सांगा. अंगठ्याची खूण आली तर ती ‘वाचलं’ आहे की ‘येतो’ आहे, हे पाठवणाऱ्यालाच विचारावं लागतं.

दोन भाषा कागदावर कशा मांडायच्या

याचं उत्तर कागद कुठे वाचला जाणार त्यावर आहे. शेजारी शेजारी दोन रकाने कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर सुरेख दिसतात आणि मोबाइलवर त्यांचा चुरा होतो. रकाने नकोत. फोनवरच्या संदेशात आधी वेळ-तारखेच्या ओळी दोन्ही भाषांत लागोपाठ द्या, मग संपूर्ण मराठी, मग संपूर्ण इंग्रजी. व्हॉट्सअ‍ॅप लांब संदेश घडी घालून ‘आणखी वाचा’ दाखवतं, आणि बरेच लोक ती घडी उघडत नाहीत. वेळ-तारीख वर असली की निदान तेवढं तरी सगळ्यांपर्यंत पोहोचतं. विषय जास्त असतील तर भाषेप्रमाणे दोन वेगळे संदेश करा, पण एकामागोमाग एक, आणि आवृत्तीचा क्रमांक दोन्हींवर तोच.

बैठकीत पडद्यावर दाखवायचा किंवा छापून वाटायचा कागद मात्र उलट मांडा: प्रत्येक विषयाखाली मराठी आणि लगेच इंग्रजी, वरच्या तिसऱ्या विषयासारखं. तिथे सगळ्यांची नजर एकाच क्रमांकावर असायला हवी. एक जण पान एकवर आणि दुसरा पान तीनवर असला की चर्चा भरकटते.

मराठी अक्षरांचा कचरा झाला तर

मराठी मजकूर पोहोचतो, पण वाचता येत नाही, अशीही तक्रार येते. काय दिसतंय ते फोटो काढून मागवा. कारण दिसण्यावरूनच ओळखता येतं. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन माळ दिसत असेल, तर मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. तो त्या संगणकावरच मराठी दिसतो, बाकी सगळीकडे कचरा. युनिकोडमध्ये पुन्हा टंकून घ्या किंवा रूपांतर करून घ्या, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, तिथे हमखास गडबड होते. `à¤` असं पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मजकूर युनिकोडच आहे, पण उघडणाऱ्या प्रणालीने तो चुकीच्या संकेताने वाचला आहे. फाइल उघडताना `UTF-8` हा संकेत निवडायला सांगा. नुसते चौकोन दिसत असतील तर त्या यंत्रावर देवनागरी फॉन्टच नाही, आपल्या मजकुरात दोष नाही.

एक चोरटा प्रकार राहिला. कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर `.ics` निमंत्रण बनवत असेल आणि मराठी वर्णनात मध्येच एखादं अक्षर `�` होत असेल, तर सॉफ्टवेअरवाल्याला ओळ तोडण्याची जागा तपासायला सांगा. त्या फाइलमध्ये ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नसावी असा नियम आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि बेपर्वा सॉफ्टवेअर चिन्हाच्या मधूनच ओळ तोडतं. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, म्हणून त्यांच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. "आमच्याकडे नीट दिसतंय" हे त्यांचं म्हणणं खरं असतं.

पाठवण्याआधीची तपासणी

मराठीचं पुन्हा इंग्रजी करून ताडून पाहणं, ही पुस्तकी पद्धत इथे फारशी कामाची नाही. ‘ओलावा वजावट’ उलटं भाषांतर केलं असतं तर बरोब्बर मूळच आलं असतं. त्याऐवजी दोन फोन करा, एका बाजूला एक. गोदामपालांना: "काका, तिसऱ्या विषयाला तुम्ही काय घेऊन येणार?" हिशेबवाल्याला: त्या विषयाला समोरून काय येईल अशी अपेक्षा आहे? दोन्ही उत्तरं जुळली तर पाठवा. काका म्हणाले "मी काय आणायचं, तुम्ही सांगाल तसं," तर ओळ अजून कच्ची आहे. ‘समजलं का?’ असं मात्र विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात.

हे सगळं करायला वेळ लागतो, म्हणून विषय स्वीकारण्याची शेवटची वेळ ठरवा. बैठक मंगळवारी अकराला असेल तर शनिवारी संध्याकाळी सहाला यादी बंद. रविवारी फोन आणि भाषांतर, सोमवारी सकाळी नवी आवृत्ती सगळ्यांना. सोमवारी दुपारी कुणी ‘एक छोटा विषय’ पाठवतोच. तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात शेवटी जातो, त्यावर बोलता येतं, पण त्या बैठकीत निर्णय होत नाही. ज्यांनी तो आपल्या भाषेत वाचलेला नाही त्यांच्याकडून होकार घ्यायचा नाही, एवढाच त्यामागचा हेतू. पहिल्या एक-दोन बैठकांत यावरून रुसवेफुगवे होतात. नेमका अध्यक्षांचाच विषय उशिरा आला तर काय, हे आधी अध्यक्षांशी बोलून ठेवा, चार लोकांसमोर नको.

हे सगळं कामकाजाच्या बैठकीपुरतं आहे. उत्पादक कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस ही वेगळी बाब. तिला किमान १४ दिवसांची लेखी मुदत आहे, आणि तिच्यासोबत विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त, लेखापरीक्षित ताळेबंद असे कागद जोडावे लागतात. तिथे ठरावाची ओळ फोनवर विचारून बदलता येत नाही. ठरावाचा मसुदा कंपनी सचिवाकडून पक्का झाल्यावरच मराठी करा, दोन पाठांत फरक निघाल्यास कोणता ग्राह्य धरायचा ते त्यांच्याकडून लिहून घेऊन दोन्हींच्या तळाशी छापा, आणि भाषांतराचे दिवस त्या १४ दिवसांच्या आधी मोजा.